‘घरीच तर असतेस!’

मुलुंड पूर्वेला आमचं वन बीएचके. म्हणजे एक हॉल, एक बेडरूम आणि स्वयंपाकघर. माणसं पाच. मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. तुमच्यापैकी ज्या सांगली-जळगावकडच्या ऐसपैस घरांत राहतात, त्यांना हे वाचून गुदमरल्यासारखं होईल. पण मुंबईच्या उपनगरांत बोरिवली काय, घाटकोपर काय, बहुतेकांचे संसार असेच चालतात. याच घरात, बेडरूमच्या खिडकीपाशी, मी गेली काही वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामं करते. विम्याची माहितीपत्रकं, औषधांच्या बाटलीबरोबरचे कागद, बँकेचे फॉर्म. नोकरी नाही, फ्रीलान्स. शब्दामागे पैसे.

आणि या कामाच्या पहिल्या दिवसापासून एक वाक्य माझ्या पाठीशी लागलं होतं, “तू काय, घरीच तर असतेस!” गॅसवाला येणार आहे? ती घरीच आहे. शाळेत पालकसभा आहे? ती घरीच आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं पार्सल घ्यायचंय? अहो, ती घरीच असते ना! कुणी वाईट बुद्धीनं म्हणत नव्हतं, हे मुद्दाम सांगते. आमच्या घरात भांडखोर कुणी नाही. पण रात्री साडेदहाला सगळे झोपले, की माझं खरं काम सुरू व्हायचं आणि दीड वाजता मी डोळे चोळत संगणक बंद करायचे. पुन्हा सहाला पाणी भरायला उठायचं. मानेचं दुखणं जडलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “किती तास काम करता?” मला उत्तर देता येईना. दिवसभर कामाला बसायचे आणि काम मात्र व्हायचं रात्री!

याच घराला शांत राहता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. २०२०च्या टाळेबंदीत नवऱ्याचं ऑफिस घरी आलं. त्याच खिडकीपाशी, त्याच टेबलावर. आणि काय सांगू! “बाबांची मीटिंग आहे” एवढं म्हटलं, की मुलं चवड्यांवर चालायची. सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायच्या. कुकर मीटिंगच्या आधी किंवा नंतर लागायचा. कुणीही काही ठरवलेलं नव्हतं. मी मात्र तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून औषधाच्या कागदाचं भाषांतर करत होते आणि “मिठाचा डबा कुठाय?” याला उत्तर देत होते.

मनात खूप राग होता, खोटं कशाला बोलू? पण राग बाजूला ठेवून विचार केला. त्याचं काम सगळ्यांना दिसत होतं. ठरलेली वेळ होती, वाट बघणारा साहेब होता, एक तारखेला पगार होता. माझ्या कामाचं यातलं काहीच कुणाला दिसत नव्हतं. मी कधीही बसायचे, कधीही उठायचे, आणि पैसे दीड-दोन महिन्यांनी गुपचूप बँकेत जमा व्हायचे.

पुढची वाट दाखवली ती सासूबाईंनी, आणि तीही नकळत. त्या गिरगावात वाढल्या, लग्नानंतरही काही वर्षं तिथल्याच चाळीत होत्या. सत्तरच्या दशकात त्यांनी लिज्जतचे पापड लाटलेत. लिज्जतची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्याच एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्या संस्थेची कामाची रीत ठाऊक आहे? सकाळी केंद्रावर जाऊन तयार पीठ आणायचं, घरी लाटून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड केंद्रावर द्यायचे, ते तपासून घेतले जातात आणि लाटण्याचे पैसे मिळतात. आणि सभासद करून घेण्याआधी तिच्या घरी पापड लाटायला, वाळवायला स्वच्छ जागा आहे का, हेही बघितलं जातं. जागा नसेल तर तिला पीठ मळण्याचं किंवा पाकिटं भरण्याचं काम मिळतं.

एका दुपारी सासूबाई सहज म्हणाल्या, “पापडाला बसले, की मला कुणी हाक मारत नसे हो. तुझे आजेसासरेसुद्धा स्वतः पाणी घेऊन प्यायचे. पीठ वाळलं तर पापड चिरतो, आणि सकाळी केंद्रावर दाखवायला लागतो ना!”

मी चमकलेच. म्हणजे आमच्याच घरात, पन्नास वर्षांपूर्वी, दहा बाय बाराच्या खोलीत बाईच्या कामाची हद्द पाळली गेली होती! कारण पीठ किती आणलं ते सगळ्यांना दिसत होतं, जागा ठरलेली होती आणि सकाळची वेळ चुकवून चालत नव्हतं. माझं पीठ संगणकात होतं. ते वाळतंय हे घरच्यांना कळणार कसं? ते दाखवणं माझंच काम होतं.

मग मी एक गोष्ट केली, जी प्रत्येकीनं तोंड उघडायच्या आधी करावी असं मला वाटतं. दोन आठवडे वही ठेवली. कामाचे दिवस दहा, रोजचे चार तास. जितक्या वेळा उठावं किंवा उत्तर द्यावं लागलं, तितक्या रेघा, आणि पुढे कारण. कुणाचं नाव लिहायचं नाही, फक्त कारण. दहा दिवसांत रेघा झाल्या १३०. म्हणजे दिवसाला तेरा!

त्या रेघांचे मी चार वाटे केले. माझ्यावाचून खरंच अडलं असतं असे प्रसंग फक्त १२. माझ्या फोनवरचा ओटीपी, धाकट्याला आलेला ताप, असे. घरातल्या कुणालाही जमलं असतं असे ४८. दाराची बेल, इस्त्रीवाला, पार्सल, सिलिंडर. तासाभरानं चाललं असतं असे ४९. “माझा निळा शर्ट कुठाय?”, “संध्याकाळी भाजी काय?” आणि उरलेले २१? ते कुणीच हाक न मारता मी स्वतःहून उठले होते! मशीनमधले कपडे, दूध उतू जाईल ही धास्ती, ओट्यावरची दोन भांडी. हा आकडा बघून मी जरा वरमलेच. माझ्या कामाला काम न मानणाऱ्यांत मीही होते तर!

पुढचा हिशेब पैशाचा. निवांत बसले, तर तासाला माझे साधारण ३०० शब्द होतात. चार तासांचे १,२००. वहीतल्या दिवसांत सरासरी होत होते ७२०. तेव्हा मला शब्दामागे सव्वा रुपया मिळत असे. म्हणजे रोज ४८० शब्दांचे ६०० रुपये एक तर बुडत होते, नाही तर रात्री जागून भरून काढावे लागत होते. आणखी एक गंमत बघा. तेरा वेळा उठण्यात प्रत्येकी दोन मिनिटं धरली, तर होतात २६ मिनिटं. पण कमी पडलेल्या शब्दांची वेळ होते ९६ मिनिटं. मधली सत्तर मिनिटं कुठे गेली? तुटलेलं वाक्य पुन्हा वाचण्यात, शब्द पुन्हा शोधण्यात. “दोन मिनिटांचं तर काम” असं जे म्हणतात ना, त्यांना ही सत्तर मिनिटं दाखवायला हवीत.

आता बोलायचं कसं? जेवणाच्या ताटावर नाही, आणि भांडण झालेल्या दिवशी तर नाहीच. आधी नवऱ्याशी एकट्याशी बोलले. वही त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, “तुझ्यावर तक्रार नाहीये, कुणाचंच नाव नाही यात. फक्त वाच.” त्यानं दोनदा वाचली. म्हणाला, “रोजचे सहाशे? मग आधी का नाही बोललीस?” बोलले होते मी, शंभरदा! पण कुरकुर म्हणून बोलले होते. हिशेब म्हणून पहिल्यांदाच मांडत होते.

मग रविवारी दुपारच्या चहाला सगळे बसलो. मुलंही. “मला मदत करा” असं मी म्हटलं नाही, कारण मदत ही करणाऱ्याच्या मर्जीवर असते. मी म्हटलं, “वेळ ठरवू या.” सकाळी साडेदहा ते एक आणि दुपारी अडीच ते चार. चारच तास. या वेळा घराकडे बघूनच निवडल्या होत्या. सकाळी पाणी, डबे, नवऱ्याची ८ची लोकल, मुलांची शाळा आणि सगळं आवरून साडेदहा वाजतात. एकला धाकटा घरी येतो. दुपारी सासूबाई आडव्या होतात, तेव्हा घर तसंही शांत असतं. कामवाल्या मावशी अकराला यायच्या. त्यांना विचारून त्यांची वेळ नऊची केली. त्यांनाही ती सोयीची निघाली.

वेळेनंतर जागा. आमचं कपाट, औषधांचा डबा, मुलांचं दप्तर, सगळं बेडरूममध्येच. मग माणसं आत येणारच ना! तेव्हा औषधं, चष्मे, गॅसचं पुस्तक आणि सुट्टे पैसे हॉलमधल्या चपलांच्या कपाटावर एका डब्यात ठेवले. कपडे साडेदहाच्या आत काढून ठेवायचे ठरलं. एवढ्या एका बदलानं निम्म्या हाका थांबल्या. न रागावता, न समजावता!

दार लोटलेलं असलं, की तीनच कारणांसाठी ठोठवायचं. कुणी पडलं किंवा आजारी झालं, शाळेतून फोन आला, किंवा गॅस-पाण्याची गळती. बाकी सगळं मुलांच्या जुन्या पाटीवर लिहायचं. ती पाटी दाराबाहेर टांगली. एक वाजता बाहेर आल्यावर मी ती वाचायचे. गंमत म्हणजे निम्म्या गोष्टी तोवर आपोआप सुटलेल्या असायच्या. निळा शर्ट दोरीवरच सापडलेला असायचा!

आणि माझ्या बाजूनं मी काय कबूल केलं? एक वाजता म्हणजे एकलाच बाहेर यायचं. चार वाजता संगणक बंद. जेवताना मोबाइल नाही. काम अंगावर आलं आणि वेळ वाढवावी लागली, तर आदल्या दिवशी सांगायचं. त्या चार तासांत मी कपडे वाळत घालणार नाही, हेही माझं मलाच वचन! आपणच हद्द ओलांडत राहिलो, तर दुसऱ्यांनी ती का पाळावी?

हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. आता तुम्ही म्हणाल, झालं की मग! नाही हो. तिसऱ्या आठवड्यात गाडी घसरली.

एका सकाळी बेल वाजली आणि सासूबाई हॉलमधून मोठ्यानं म्हणाल्या, “मी काय वॉचमन आहे का या घरची?” मी बाहेर आले, तर गुडघा धरून बसलेल्या. तेव्हा लक्षात आलं. “कुणालाही जमेल” अशी जी ४८ कामं मी मोठ्या हुशारीनं बाजूला काढली होती, ती सगळीच्या सगळी एकाच माणसाच्या वाट्याला गेली होती. अडुसष्ट वर्षांच्या, गुडघेदुखीनं बेजार बाईच्या! नवरा ऑफिसात, मुलं शाळेत. मग ‘कुणीही’ म्हणजे कोण? त्याच! मी माझ्या कामाची हद्द आखली होती ती त्यांच्या अंगणातून. त्यांच्या वेळेला काही किंमत आहे, हे मीही धरलंच नव्हतं. माझ्याशी जे होत होतं, तेच मी त्यांच्याशी केलं होतं.

२०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत देशातल्या घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं निघाला. तो आकडा वाचून मी मान डोलावली होती. आता माझ्याच घरात काय झालं होतं? एका बाईची मिनिटं उचलून दुसऱ्या बाईच्या पदरात टाकली होती. पुरुषाचा आकडा जागचा हलला नव्हता.

पुन्हा रविवारचा चहा. या वेळी मी आधी बोलले नाही. “आई, तुम्हाला कुठल्या वेळा मोकळ्या हव्यात ते सांगा,” म्हटलं. त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मंगळवारी अकराला भजन. आणि दुपारी दोन ते चार मला बेल नको.” एवढंच! इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग त्या ४८ कामांची खरी वाटणी झाली. इस्त्रीवाला संध्याकाळी सातनंतर, त्याचं देणं-घेणं नवऱ्याकडे. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू शक्यतो शनिवार-रविवारी येतील अशा मागवायच्या, नाही तर खाली वॉचमनकडे ठेवायला सांगायचं. येताना नवरा घेऊन येईल. दारावर चिठ्ठी लावली, ‘दुपारी २ ते ४ बेल वाजवू नये.’ मंगळवारी सकाळचं दार माझ्याकडे, त्या दिवशी मी संध्याकाळी तासभर जास्त बसते आणि तेव्हा भाजी-पोळी नवरा बघतो. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येतात, हे वेगळं! धाकटा आल्यावर स्वतः ताट वाढून घेतो. सिलिंडर तेवढा आमच्या वेळेवर येत नाही. तो आला, की जो घरी आहे तो उठतो. काही गोष्टी ठरवून ठरत नाहीत, एवढं सोडून द्यावं.

दुसरी कसोटी पाहुण्यांची. नणंदबाई नाशिकहून न कळवता सकाळी अकराला आल्या. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, “ती कामावर गेलीय. एकला येईल. बस, मी चहा टाकते.” कामावर गेलीय! पंधरा पावलांवर मी बसले होते. नणंदबाई हसल्या, मीही आत हसले. पण डोळ्यांत पाणी आलं, हेही खरं.

इथे एक सांगून ठेवते. ज्याचे नातेवाईक, त्यानं त्यांना सांगावं. सासरच्या माणसांना सुनेनं “मला वेळ नाही” म्हटलं, तर तो उद्धटपणा होतो. मुलानं किंवा सासूबाईंनी सांगितलं, तर ती घरची रीत होते. हे न्याय्य आहे का? नाही. पण चालतं.

तिसरी अडचण मी धरलीच नव्हती. हातात काम नसलेले दिवस. फ्रीलान्समध्ये असे आठवडे येतातच. “आज काम नाही ना, मग चल की बाजारात!” पहिल्यांदा गेले, दुसऱ्यांदा गेले, आणि महिन्याभरानं काम आलं तेव्हा वेळा पार विसकटल्या होत्या. आता कामं नसली तरी मी साडेदहाला बसते. बिलं करते, थकलेल्या पैशांसाठी फोन करते, नव्या ठिकाणी नमुने पाठवते. दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदार शटर ओढत नाही ना!

हद्द पुन्हा सैल होतेय हे ओळखायचं कसं? माझी खूण सोपी आहे. रात्री दहानंतर आठवड्यात तीनदा संगणक उघडावा लागला, की काहीतरी बिघडलंय. मग एक आठवडा पुन्हा वही काढते. आता रेघा दिवसाला तीन-चार असतात. गणपतीत त्या दहावर गेल्या. त्या दिवसांत काम कमी घ्यायचं, हेही वहीनंच शिकवलं.

सगळ्यांना हे असंच जमेल असं नाही. घाटकोपरची माझी एक मैत्रीण एका खोलीत राहते आणि ब्लाउजला हुक-काज करते. तिला लोटायला दारच नाही. तिनं खुर्चीच्या पाठीवर लाल ओढणी टाकायची खूण ठरवलीय. ओढणी आहे तोवर आई दुकानात आहे, असं तिची मुलं समजतात. मांडीवर तान्हं असेल, तर मात्र कुठलीही पाटी चालत नाही. त्याला सांभाळणारं माणूसच लागतं, दोन तास का होईना. आणि घरचे बसून बोलायलाच तयार नसतील, तर चार तास मागू नका. एकच तास घ्या, पण रोज तोच. तुमच्या बसण्याची वेळ त्यांना पाठ होऊ दे.

परवा धाकट्याला शाळेत आई-बाबांच्या कामाबद्दल लिहायचं होतं. त्यानं लिहिलं, ‘माझी आई साडेदहाला कामावर जाते.’ कुठे जाते ते लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही.